रिपोर्ट नॉर्मल, मग डोकं का दुखतंय?

ताई, माझं वय ३४. आठ-नऊ महिने झाले जवळपास रोज डोकं दुखतंय, दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं. थकवा तर असा की सकाळी उठते तीच दमलेली. रक्त, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, डोळे, शेवटी एमआरआय पण झाला, सगळं नॉर्मल. चार डॉक्टर झाले. शेवटचे म्हणाले टेन्शन घेऊ नका, मानसिक आहे. मला खरंच काही टेन्शन नाहीये. नवरा वर्षभर दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, पंधरा दिवसांनी येतो, मुलगा सात वर्षांचा, सासूबाई आमच्याकडेच, माझं काम घरून. सगळं व्यवस्थित चाललंय. आठवड्यातून चार-पाच दिवस गोळी घ्यावी लागते नाहीतर कामच होत नाही. नवरा रोज फोनवर विचारतो डोकं कसं आहे, मी सांगते, मग फोन ठेवतो. घरच्यांना आता वाटायला लागलंय की मी नाटक करते. मला वेड लागतंय का?

---

नाही गं, वेड नाही आणि नाटक तर नाहीच नाही. तुझं डोकं खरंच दुखतंय, हे आधी एकदा स्पष्ट लिहून टाकते म्हणजे पुढचं सगळं शांतपणे वाचशील.

आता त्या नॉर्मल एमआरआयचं. त्यात गाठ, रक्तस्राव, सूज असलं काही आहे का ते दिसतं. दुखणं दिसत नाही, कुणाचंच दिसत नाही. तू लिहिलंयस तसं दोन्ही बाजूंनी, आवळल्यासारखं, पट्टा बांधल्यासारखं दुखणं याला डॉक्टरी भाषेत टेन्शन टाइप हेडेक म्हणतात आणि त्यात एमआरआय नॉर्मलच येतो, म्हणजे निदान स्कॅनवर नाही तर पेशंटला नीट प्रश्न विचारून होतं. जिने चढल्यावर वाढतं का, उलटी होते का, उजेड सहन होत नाही का असे प्रश्न. यांची उत्तरं 'हो' असली तर मायग्रेनचा विचार करायचा, तेव्हा ही उत्तरं तू पुढच्या वेळी स्वतःहून सांग. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की त्याला क्रॉनिक म्हणतात, तू त्यात बसतेस. त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल म्हणून मानसिक" हे वाक्यच मला पटत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं नाही, एवढंच.

आणि एक गोष्ट तू जाता जाता लिहून गेलीस, पण माझं लक्ष सगळ्यात आधी तिथेच गेलं. गोळी. आठवड्यातून चार-पाच दिवस म्हणजे महिन्याला १८-२० दिवस झाले ना. साधी पेनकिलर महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेत राहिलं की ती गोळीच डोकं दुखवायला लागू शकते. ज्या गोळ्यांमध्ये दोन-तीन औषधं एकत्र असतात, किंवा मायग्रेनच्या खास गोळ्या, त्यांना तर १० दिवसच पुरतात. यात किती गोळ्या घेतल्या ते मोजायचं नसतं, किती दिवशी घेतली ते मोजायचं. एका दिवशी दोन घेतल्यास तरी तो एकच दिवस, आणि रोज 'फक्त अर्धीच' घेतली तरी महिन्याचे तीस. गोळीचा असर उतरला की डोकं परत धरतं, म्हणून परत गोळी, असा फेरा सुरू होतो. चार डॉक्टरांपैकी एकानेही गोळीचे दिवस मोजले नसतील आणि स्कॅन मात्र लगेच लिहिला असेल तर मला राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही, कारण मोजायला वेळ लागतो आणि स्कॅन लिहायला लागत नाही.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस हां, आधी नाव घेऊन डॉक्टरांना विचार, कारण साध्या गोळ्या बहुतेक वेळा एकदम थांबवता येतात पण कोडीनवाल्या किंवा झोपेच्या-शांत करणाऱ्या गोळ्या असतील तर हळूहळूच कमी कराव्या लागतात. थांबवल्यावर पहिला आठवडा-दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. हे आधी माहीत नसलं की माणूस चौथ्या दिवशी हरतो आणि म्हणतो, बघा, गोळीशिवाय माझं भागतच नाही. फरक पडला का हे दोन महिन्यांनी ठरवायचं.

आता 'मानसिक' या शब्दाकडे येऊ. डॉक्टर जे म्हणायचा प्रयत्न करत होते त्याला सोमॅटायझेशन म्हणतात, म्हणजे मनावरचा ताण शरीराच्या तक्रारीतून जाणवणं, तसाच सांगितला जाणं आणि त्यासाठी दवाखान्यात जाणं. खोटं बोलणं वेगळं, त्यात माणसाला माहीत असतं की आपल्याला काही होत नाहीये. इथे दुखणं पूर्ण खरं असतं. बरेच लोक समजतात की मन दुःखी असतं आणि शरीर त्याचं 'भाषांतर' करतं, म्हणजे भाषांतर पकडलं की मूळ सापडेल. मला हे चित्र फार फसवं वाटतं. डिप्रेशन ओळखायला वापरतात ती नऊ लक्षणं घे, त्यात झोप बिघडणं आहे, भूक बदलणं आहे, थकवा आहे, हालचाल मंदावणं किंवा उगाच चुळबुळ होणं आहे. म्हणजे जवळपास अर्धी यादी शरीराचीच. थकवा हा उदासपणाचा मुखवटा नसून त्या आजाराचाच भाग असू शकतो. घाबरलेल्या माणसाची छाती धडधडते ती काही भीती 'व्यक्त करायला' नाही, तीच भीती आहे.

शिवाय मेंदूचा आवाज कमी-जास्त करणारा नॉब असतो असं समज. कुणी डोक्यातल्या उवांबद्दल बोलायला लागलं की आपलं डोकं खाजायला लागतं, बघ आत्ता वाचतानाच कदाचित. ऊ एकही नसते, पण त्वचेवरून सतत येणारे बारीक सिग्नल जे एरवी मेंदू सोडून देतो ते आता तो ऐकायला लागतो. झोप कमी असली, मन सतत सावध असलं, किंवा 'आज दुखेल का' अशी चाचपणी सकाळपासून चालू असली की मानेच्या आणि कपाळाच्या स्नायूंतून येणारा साधा ताणही मोठ्या आवाजात ऐकू येतो. काही महिने असं चाललं की नॉब वरच अडकून बसतो. म्हणून तर नॉर्मल रिपोर्टने बरं वाटतं ते आठ-दहा दिवस, आणि मग वाटतं की काहीतरी राहून गेलं, अजून एक टेस्ट करू.

ताण शरीरातून जाणवण्याचं तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शरीराचं दुखणं ऐकून घेतलं जातं. "डोकं दुखतंय" म्हटलं की सुट्टी मिळते, कुणीतरी विचारपूस करतं, खोलीतला दिवा बंद होतो. "मला सगळं एकटीने ओढायचा कंटाळा आलाय" म्हटलं की काय मिळतं? भाषण मिळतं. आपल्या भाषेतच बघ ना, डोक्याला ताप, पोटात गोळा, हातपाय गळाले, जीव मेटाकुटीला आला, छातीवर दडपण. मन आणि शरीर वेगळं करायला आपण बोलताना कधी शिकलोच नाही, मग दवाखान्याच्या खुर्चीत बसल्यावर एकदम कसं वेगळं करणार?

आर्थर क्लाइनमन म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आहेत, मानववंशशास्त्राचेही अभ्यासक, त्यांनी १९८० च्या आसपास चीनमधल्या हुनान प्रांतात असे १०० पेशंट तपासले ज्यांना 'न्यूरास्थेनिया', म्हणजे नसांचा अशक्तपणा, हे निदान मिळालं होतं. डोकेदुखी, थकवा, चक्कर, झोप नाही अशा तक्रारी. नीट विचारलं तर १०० पैकी ८७ जण डिप्रेशनच्या निकषात बसत होते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळातून नुकतेच बाहेर पडलेले लोक होते ते, आणि तिथे 'मी निराश आहे' म्हणणं म्हणजे राजकीय नाराजी दाखवल्यासारखं होऊ शकत होतं, तर नसांचा अशक्तपणा हा अब्रू सांभाळणारा आजार होता, त्यावर कामातून सूटही मागता यायची. औषधांनी बऱ्याच जणांची लक्षणं कमी झाली, पण ज्यांचा कामाचा किंवा घरचा पेच तसाच राहिला ते लक्षणं कमी होऊनही आजारीच राहिले. हे मी विसरू शकत नाही, कारण गोळी कुठपर्यंत पोचते आणि कुठे थांबते ते यात दिसतं.

हे वाचून काही लोक लगेच म्हणतात की हो, हे असं फक्त पूर्वेकडच्या किंवा कमी शिकलेल्या लोकांचं असतं. अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांत केलेल्या एका पाहणीचे आकडे १९९९ मध्ये छापून आले. त्यात डिप्रेशन असलेले ११४६ लोक साध्या डॉक्टरांकडे गेलेले होते आणि त्यांतल्या ६९ टक्के लोकांनी येण्याचं कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या. ठिकाणानुसार हा आकडा ४५ पासून ९५ टक्क्यांपर्यंत होता, म्हणजे सगळ्यात कमी जिथे होता तिथेही जवळजवळ निम्मे. पण खरी गंमत पुढे आहे. या सगळ्यांना थेट विचारलं की उदास वाटतं का, कशात रस वाटत नाही का, तर फक्त ११ टक्के लोक नाही म्हणाले. म्हणजे लोकांना माहीत होतं, विचारलं असतं तर सांगितलंही असतं. आणि जिथे पेशंटचा एकच ठरलेला डॉक्टर असतो तिथे नुसत्या शरीराच्या तक्रारी घेऊन येणारे कमी होते. तू चार बदललेस. प्रत्येक नव्या माणसासमोर पाच मिनिटांत सांगण्यासारखं डोकंच असतं गं, बाकीचं कुठून काढणार.

पण मी पण यात चुकलेय, ते सांगते, म्हणजे तू माझ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवणार नाहीस. माझ्याकडे पन्नाशीचे एक गृहस्थ यायचे (तपशील थोडे बदललेत), दोन वर्षं थकवा, रिपोर्ट चांगले, ऑफिसात त्यांच्याहून ज्युनिअर माणूस साहेब झालेला. मला वाटलं गोष्ट उघड आहे. त्यांना तीन आठवडे वही लिहायला सांगितली. त्यात दिसलं की थकवा कामाच्या दिवसापेक्षा त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असायचा. रविवारी बरं वाटलं की आठवड्याभराची सगळी कामं उरकायची, मग सोमवार-मंगळवार आडवे, मग बुधवारी स्वतःवर चिडून परत जोर लावायचा. म्हणून आम्ही ठरवलं की बरं वाटो न वाटो, रोज १० मिनिटं चालायचं, दर आठवड्याला फक्त २ मिनिटं वाढवायची, आणि चांगल्या दिवशी जास्त चालायचं नाही, हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. दीड महिन्यात ते पडून राहण्याचे दिवस कमी झाले पण सकाळचा थकवा हलेना. मग एकदा बायको सोबत आली आणि सहज म्हणाली, हे इतकं घोरतात की मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो. झोपेची तपासणी केली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला. घोरण्याचा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, साहेबाची गोष्ट मिळाल्यावर मी शोधणं थांबवलं. मशीन लावून झोपायला लागल्यावर सकाळ सुधारली, आणि ऑफिसचं दुःख होतं ते होतंच, त्यावर वेगळं बोलावं लागलं. दोन्ही खरं होतं.

तुझ्याबाबतीतही मी तेच धरून चालतेय, की गोळीचा फेरा असू शकतो आणि सोबत ताणही असू शकतो, एक निघालं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, 'सगळं व्यवस्थित चाललंय'. मला विचारायचंय, कोण चालवतंय? तुला टेन्शन नाही म्हणतेस ते मी मान्य करते, पण टेन्शन या शब्दाने आपल्याला भांडण, कर्ज, आजारपण असं काहीतरी मोठं डोळ्यांसमोर येतं. मूल, सासूबाई, नोकरी, घर हे सगळं एकटीने वर्षभर, आणि संध्याकाळी 'हुश्श' म्हणायला समोर कोणी नाही, याला कोणी टेन्शन म्हणत नाही म्हणून ते मोजलंच जात नाही. असंच असेल असं मी म्हणत नाही. तुला माहीत असेल किंवा तुझ्या वहीला.

तर वही अशी ठेव. तीन आठवडे, दिवसातून फक्त तीनदा, सकाळी, दुपारी, झोपताना. दुखणं ० ते १० मध्ये किती, गोळी घेतली का आणि कुठली, आणि त्या तीन-चार तासांत काय चाललं होतं ते एका ओळीत. कारण शोधायचं नाही, निष्कर्ष काढायचा नाही, बस लिहायचं. तीनदाच हे मुद्दाम सांगतेय, दर तासाला डोकं चाचपत बसलीस तर तो नॉब आणखी वर जाईल. नवरा येतो त्याच्या आदल्या दोन दिवसांवर आणि तो परत गेल्यानंतरच्या दोन दिवसांवर खूण कर. तिथे फरक दिसेल किंवा अजिबात दिसणार नाही, दोन्ही कामाचं आहे. पाळीच्या तारखाही टाक.

एकदा पीएचक्यू-९ नावाची, डिप्रेशनच्या त्याच नऊ लक्षणांवरची नऊ प्रश्नांची यादी भर, मागच्या दोन आठवड्यांबद्दल असते, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. १० किंवा वर आले तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं, तेवढ्यावरून निदान होत नाही पण विषय टाळता येत नाही. शेवटचा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा आहे, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बाकी बेरीज न बघता त्याच दिवशी कुणाशी तरी बोल.

मग चारांपैकी जो डॉक्टर त्यातल्या त्यात ऐकून घेतो त्याच्याकडे वही घेऊन जा आणि साधारण असं म्हण: "माझं डोकं महिन्यातून इतके दिवस दुखतं, इतके दिवस गोळी घेते, घरचं सगळं वर्षभर मी एकटी बघतेय, मला दोन्हीबद्दल बोलायचंय." तुझ्यासारख्या पेशंटकडून हे घरचं वाक्य आलं की डॉक्टरांचाही जीव सुटतो, त्यांनाही विषय काढायची भीती असते की पेशंट म्हणेल मला वेडं ठरवताय. आणि दर चार-सहा आठवड्यांची तारीख आधीच ठरवून घे, दुखलं तर जायचं नि नाही दुखलं तरी जायचं. दुखण्याच्या तिकिटावरच भेट मिळत असली तर दुखणं सोडायला अवघड होतं, यात तुझी लबाडी नाही, कुणाचंही असंच होतं.

रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलीन लिहून दिली तर दचकू नकोस. ते जुनं डिप्रेशनचं औषध आहे, पण रोजच्या डोकेदुखीला १० ते २५ मिलिग्रॅमपासून देतात, डिप्रेशनला याच्या कितीतरी पट लागतं. सुरुवातीला तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती वाटते. सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं तर तिथे तुझं बालपण उकरत बसतील असंही नाही, सीबीटी म्हणून विचार आणि सवयींवर काम करणारा उपचार असतो, त्यात बहुतेक वेळ झोपेच्या वेळा, कामाचे तुकडे, आणि 'दुखायला लागलं म्हणजे आजचा दिवस गेला' हा विचार यावरच जातो. आधी दिवस परत मिळतात, दुखणं मागून कमी होतं, आणि काहींचं पूर्ण जात नाही हेही खरं.

एवढं मात्र ध्यानात ठेव: अचानक आयुष्यात कधी झालं नाही असं भयंकर दुखणं, ताप आणि मान आखडणं, हात-पाय किंवा बोलण्यात फरक, दिसण्यात फरक, झोपल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारं दुखणं, कारण नसताना वजन घटणं, यातलं काही झालं तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना. 'माझं तर मानसिक आहे' म्हणून घरी बसायचं नाही.

राहिलं घरच्यांचं. सासूबाईंना सोमॅटायझेशन समजावत बसू नकोस. एवढंच सांग की गोळ्या जास्त झाल्याने डोकं दुखतंय असा संशय आहे आणि त्या बंद करताना दहा दिवस जास्त त्रास होणार आहे, तेवढे दिवस मुलाचं संध्याकाळचं तुम्ही बघा. हे खरंही आहे आणि त्यावर कुणाला नाटक म्हणता येत नाही.

आणि तो फोन. आठ-नऊ महिने तुमचं दोघांचं बोलणं एका प्रश्नावर चाललंय आणि तो प्रश्न डोक्याचा आहे. त्याचीही चूक नाही, त्याला दुसरं काय विचारायचं ते सुचत नसेल. उद्या फोन आला की डोक्याचं शेवटी सांग, एका आकड्यात, "आज चार". त्याआधी दिवसभरात ज्या गोष्टीचा तुला राग आला किंवा हसू आलं ती सांग, आणि त्याला विचार की तो तिकडे जेवतो कुणाबरोबर. पंधरा दिवस करून बघ, वहीत फोनच्या वेळेलाही एक खूण कर, आणि तीन आठवडे भरले की मला ती पानं पाठव.